हिप्परग्याच्या तलावावर ऑक्टोबरात सगळ्या माद्याच कशा दिसतात?

दादा, गेल्या रविवारी हिप्परग्याच्या तलावावर गेलो होतो, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. १४ छोटी तपकिरी बदकं होती, सगळ्या माद्याच, एकही नर नाही. आमच्यात कुणी कॉमन टील म्हणतंय, कुणी गार्गनी. पाच फोटो पाठवतोय. पहिल्याच्या कोपऱ्यात बहुतेक एक पिल्लूही आहे आणि पाचव्यात मोठ्या चोचीची मादी आहे. फोटोवरून खात्रीनं कसं सांगायचं? आणि नर गेले कुठे?

नर तुमच्या फोटोतच आहेत. तिसरा फोटो उघडा, ज्यात एक बदक पाण्यात उभं राहून पंख झटकतंय. त्याच्या पंखाचा खांद्याकडचा भाग बघा, फिकट निळसर राखाडी आहे. तो गार्गनीचा पूर्ण वाढलेला नर आहे. पंख मिटून तो पुन्हा पाण्यात बसला की तुम्ही त्याला मादी म्हणाल, मीही म्हणेन, कारण बसलेल्या पक्ष्यावरून ते ठरवता येईल असं या दिवसांत त्याच्या अंगावर फारसं काही नसतं.

याचं कारण तिकडे उत्तरेत, विणीच्या जागी घडलेलं असतं. मादी अंडी उबवायला बसली की नराचं काम संपतं. मग तो आपले रंगीत कपडे उतरवतो आणि मादीसारखी तपकिरी पिसं अंगावर घेतो. यालाच एक्लिप्स पिसारा म्हणतात. त्याच सुमारास त्याच्या पंखातली उडायची मोठी पिसं सगळी एकदम गळून पडतात आणि तीनचार आठवडे त्याला उडताच येत नाही. कावळा, चिमणी यांची पिसं एकेक करून बदलतात, त्यामुळे त्यांचं उडणं थांबत नाही. बदकाचं तसं नाही. उडता येत नसताना गवतात, लव्हाळ्यात दडून राहायचं तर अंगावर भडक रंग असून कसं चालेल? नवी पिसं आली की तो तपकिरी अंगानंच दक्षिणेकडे निघतो आणि आपल्याकडे त्याच वेषात उतरतो.

बहुतेक जातींचे नर हा वेष ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टाकू लागतात. कॉमन टीलचा नर नोव्हेंबरात बघा, डोक्यावर तांबूस ठिपके उमटलेले आणि कुशीवर बारीक राखाडी रेघा भरायला लागलेल्या दिसतील. गार्गनीचं मात्र उशिरा असतं. त्याचा एक्लिप्स डिसेंबरपर्यंत तर सहज चालतो, काही नर फेब्रुवारीतही अर्धेमुर्धेच रंगलेले असतात. शिवाय गार्गनी हे आपल्याकडे सगळ्यांत आधी येणाऱ्या बदकांपैकी एक, ऑगस्टअखेर-सप्टेंबरपासून येऊ लागतं. म्हणून सोलापूरच्या तलावांवर सप्टेंबर-ऑक्टोबरात तपकिरी छोट्या बदकांचा थवा दिसला आणि त्यात एकही रंगीत नर नसला, की माझ्या मनात पहिलं नाव गार्गनीचं येतं. पण हा झाला अंदाज. नोंद करायची तर फोटोत पुरावा हवा.

आता फोटो एकेक करून घेऊ.

दुसरा फोटो आधी, कारण त्यात एका पक्ष्याचं डोकं जवळून मिळालंय. गार्गनी आणि टील यांच्यात फरक करायचा तर डोळा पहिल्यांदा चेहऱ्याकडे जाऊ द्या. या पक्ष्याच्या चेहऱ्यावर आडवे पट्टे आहेत. माथा गडद, त्याखाली फिकट भुवई, मग डोळ्यातून गेलेली काळपट रेघ, त्याखाली पुन्हा फिकट पट्टा आणि मग गालावर आणखी एक गडद रेघ, चोचीच्या कोपऱ्यापासून मागे गेलेली. चोचीच्या मुळाशी, डोळ्याच्या पुढे एक पांढुरका ठिपका आहे. हनुवटी आणि गळा जवळपास पांढरा. चोच करडी, लांबट, आणि तिच्या मुळाशी पिवळा-नारिंगी रंग कुठेही नाही. ही गार्गनी.

टीलच्या मादीचा चेहरा याच्या मानानं साधा असतो. डोळ्यातून रेघ असते, पण भुवई पुसट, गाल सरसकट तपकिरी. डोकं गोल, कपाळ उभं, चोच छोटी आणि नाजूक. चोचीच्या मुळाशी कडेला बऱ्याचदा पिवळसर-नारिंगी झाक असते. आणि टीलची जी खूण मी सगळ्यांत आधी शोधतो ती चेहऱ्यावर नाहीच. शेपटीच्या मुळाशी, बाजूला एक फिकट आडवी रेघ असते, कुणी खडूनं ओढल्यासारखी. पक्षी लांब असला, डोकं पिसांत खुपसून झोपला असला, तरी ही रेघ दिसते. तुमच्या पहिल्या फोटोत उजव्या कडेला दोन पक्षी पाठ करून बसलेत, त्यांच्याकडे नीट बघा. दोघांच्याही शेपटीजवळ ती रेघ आहे. ते दोन टील आहेत. म्हणजे तुमच्यात वाद घालणारे दोघेही बरोबर होते, थवा मिश्र आहे.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण याच ठिकाणी लोक फसतात. टीलच्या काही माद्यांच्या गालावरही पुसटशी गडद रेघ असते आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपकाही असतो. फोटो जरा कडक उन्हातला असला, वर तो मोबाइलवर आणखी शार्प केला, की त्या पुसट रेघा ठळक होतात आणि टीलची गार्गनी होते. म्हणून एकट्या चेहऱ्यावर निकाल देऊ नका. चेहरा आणि चोच, किंवा चेहरा आणि शेपटीची रेघ, अशा दोन खुणा एकाच पक्ष्यावर जुळल्या तरच नाव लिहा. फोटो ओळखायला पाठवताना कॅमेऱ्यातला मूळ फोटो पाठवा, रंग वाढवलेला नको.

आकाराचं तर फोटोत नावच काढू नका. टील साधारण ३४ ते ३८ सेंटीमीटर, गार्गनी ३७ ते ४१. एवढा फरक पक्षी जरा पुढे-मागे असला किंवा मान आखडून बसला की संपतो. दोन्ही जाती अगदी शेजारी, एकाच रेषेत पोहत असतील तेव्हाच तो उपयोगी पडतो.

तिसरा फोटो मात्र सोनं आहे. बदकाचं रंगीत अंग एक्लिप्समध्ये झाकलं जातं, पण पंखाचा नमुना बदलत नाही. अंगावरची पिसं वर्षातून दोनदा बदलतात, पंखातली मोठी पिसं एकदाच. त्यामुळे नराचा पंख तपकिरी वेषातही नराचाच राहतो. पंखाच्या मागच्या भागात बदकांना एक चकाकती पट्टी असते, तिला स्पेक्युलम म्हणतात. गार्गनी आणि टील, दोघांचंही स्पेक्युलम हिरवट. त्या हिरव्याच्या मागे लागू नका. ऊन कोणत्या कोनातून पडलंय त्यावर तो रंग कधी हिरवा, कधी निळसर, कधी निव्वळ काळा दिसतो. त्या पट्टीच्या पुढे आणि मागे ज्या पांढऱ्या कडा असतात, त्या बघायच्या. लुगड्याला वरखाली काठ असावेत तशा त्या असतात, आणि कोणता काठ रुंद यावरच सगळं ठरतं.

टीलमध्ये पुढचा काठ रुंद, पंखाच्या टोकाकडे जाताना आणखी रुंद होणारा, आणि मागचा अगदी बारीक. गार्गनीच्या मादीत उलटं, पुढचा बारीक आणि पुसट, मागचा ठळक. गार्गनीच्या नरात दोन्ही काठ रुंद, जवळपास सारखे, आणि त्यांच्यापुढे तो फिकट निळसर राखाडी खांदा. तुमच्या फोटोतल्या पक्ष्याचे दोन्ही काठ रुंद आहेत. हे मी मुद्दाम तपासलं, कारण एकट्या फिकट खांद्यावर भरवसा ठेवता येत नाही. फोटो थोडा जास्त उजळ आला असेल तर गार्गनीच्या मादीचा करडा-तपकिरी खांदाही फिकट दिसतो. पण उजेड वाढला म्हणून पुढचा काठ बारीकचा रुंद होत नाही.

एक शंका राहते ती याच वर्षी जन्मलेल्या पक्ष्यांची. ऑक्टोबरातल्या थव्यात ते भरपूर असतात. कोवळ्या नराचा खांदा राखाडीकडे झुकतो, पण मोठ्या नराइतका स्वच्छ नसतो. फोटो चांगला असेल तर शेपटीच्या पिसांची टोकं बघावीत. पिल्लाच्या अंगावरची पहिली लव याच पिसांच्या टोकाला चिकटलेली असते, ती तुटून पडली की टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच राहते. मोठ्या पक्ष्याची पिसं अशी खाचलेली नसतात. तुमच्या तिसऱ्या फोटोत शेपूट पाण्याच्या थेंबांत झाकली गेलीय, पण खांदा इतका स्वच्छ आणि काठ इतके रुंद आहेत की त्याला मोठा नर म्हणायला मला संकोच वाटत नाही.

असा फोटो नशिबानं मिळतो असं वाटतं, पण थोडी वाट पाहिली तर तो मिळवता येतो. बदक अंघोळ करू लागलं की कॅमेरा त्याच्यावरून हलवू नका. ते डोकं पाण्यात बुडवतं, पाठीवर पाणी उडवतं, पुन्हा बुडवतं. असं चारसहा वेळा झालं की छाती वर काढून उभं राहतं आणि पंख चारपाचदा झटकतं. सगळं मिळून दोन सेकंदांचा खेळ. शटर आधीच १/१६०० किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि सलग फोटो घ्या. दहापैकी एकदोन फोटोंत पंख पूर्ण पसरलेला मिळतो, आणि तुम्हाला तेवढाच हवा असतो. मागे चकाकतं पाणी असेल तर कॅमेरा पक्षी काळवंडून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं वाढवा. पण सकाळचं ऊन थेट पंखावर पडत असेल तर वाढवू नका, नाहीतर पांढरे काठ आणि राखाडी खांदा एकमेकांत मिसळून जातात.

वेळेचंही सांगतो. तुमचे फोटो साडेअकराचे आहेत आणि चौथ्या फोटोत पक्ष्यांच्या कडा वितळल्यासारख्या झाल्यात. तो लेन्सचा दोष नाही. आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. काठावरची जमीन आणि दगड तापले की पाण्यावरची हवा हलायला लागते आणि लांबच्या पक्ष्याची बारीक रेघ आधी जाते. गालावरची रेघ आणि शेपटीची रेघ, दोन्ही त्यातच जातात. साडेआठच्या आत काम उरका, ऊन पाठीशी राहील अशा काठावर बसा.

चौथा फोटो उडत्या पक्ष्यांचा, सहा आहेत. वितळलेला असला तरी पंखांचे काठ दिसतात. पुढच्या दोघांचे खांदे फिकट आणि काठ दुहेरी, ते गार्गनीचे नर. मधल्या दोघांना फक्त मागची पांढरी कड ठळक दिसते, म्हणून तेही गार्गनी, एकतर माद्या किंवा या वर्षीची पोरं, त्यापुढे जाऊ नये. पाचव्याचा पुढचा काठ रुंद आणि बाहेरच्या बाजूला पसरत गेलेला, तो टील. तो नर की मादी हे एवढ्या लांबून सांगता येत नाही, आणि या दिवसांत टीलच्या बाबतीत तो प्रयत्न सोडूनच द्यावा असं माझं मत आहे. सहावा आडवा वळलाय, त्याचा पंख दिसतच नाही. त्याला नाव देऊ नका.

हे मी ठासून सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या एका गणनेत मी होटगीच्या तलावावर ६० टील लिहून मोकळा झालो होतो. सगळे बसलेले, सगळे तपकिरी, आणि नोव्हेंबरात टीलच असणार हे मी मनात धरलेलं. घरी फोटो मोठे करून बघताना एकानं पंख झटकलेला सापडला, फिकट निळसर खांद्याचा. मग बाकीचे चेहरे एकेक करून पाहिले, तर निम्म्याहून जास्त पट्टेरी निघाले. आकडा पाठवून झाला होता, तो दुरुस्त करायला नंतर पत्र लिहावं लागलं. तेव्हापासून बसलेल्या थव्याचा एकगठ्ठा आकडा एका नावावर मी लिहीत नाही.

आता पाचवा फोटो, मोठ्या चोचीची मादी. हा थापट्या, म्हणजे शॉव्हेलर, हे बरोबर. चोच टोकाला फावड्यासारखी रुंद झालीय, दुसरं काही असूच शकत नाही. पण ही मादी नाही. डोळा बघा, पिवळाधमक आहे. मादीचा डोळा सहसा तपकिरी असतो, फार तर नारिंगीकडे झुकलेला. कुशीवर तांबूस रंग जरा जास्तच भरलाय. चोच आणि डोळ्याच्या मध्ये एक पांढुरकी, धुरकट चंद्रकोर आहे. थापट्याचा नर एक्लिप्समधून थेट हिरव्या डोक्यावर येत नाही, मध्ये काही आठवडे तो या चंद्रकोरीच्या अवस्थेत राहतो, छातीवर खवल्यांसारखी नक्षी घेऊन. पुढच्या वेळी याचा पंख उघडा मिळाला तर खांद्यावर स्वच्छ निळा रंग दिसेल. मादीचा खांदा त्यापेक्षा खूपच राखाडी असतो.

थापट्याचा डोळा कामाला आला, तशी तलवार बदकाची, म्हणजे पिनटेलची चोच कामाला येते. नर तपकिरी असला तरी त्याच्या चोचीच्या दोन्ही बाजू निळसर राखाडी आणि मधला कणा काळा असतो. मादीची चोच सगळीच गडद करडी. डिसेंबरात उजनीच्या फुगवट्यावर गेलात तर तोवर नर बहुतेक रंगात आलेले असतात आणि ही अडचण राहत नाही, पण ऑक्टोबरच्या पिनटेलला चोच बघितल्याशिवाय मादी म्हणू नका.

आपल्या हळदी-कुंकू बदकाला हा सगळा खटाटोप लागत नाही. ते इथलंच राहणारं, नर-मादी वर्षभर जवळपास सारखे, आणि चोचीचं पिवळं टोक लांबूनही कळतं. पहिल्या फोटोत मागे, बाभळीच्या सावलीत एक जोडी आहे, तुमच्या नजरेतून सुटलेली. तीही नोंदवा.

राहिलं कोपऱ्यातलं पिल्लू. ती टिबुकली आहे, पूर्ण वाढलेली. पावसाळ्यात तिच्या मानेवर जो तांबूस-किरमिजी रंग असतो तो आता उतरलाय, म्हणून अशी मातकट दिसते. चोच बदकासारखी चपटी नाही, सरळ आणि टोकदार आहे. शेपूट जवळजवळ नाहीच, मागचा भाग कापसाच्या बोंडासारखा फुगीर आहे. तलावावर छोटं तपकिरी काही दिसलं की जात ओळखण्याआधी चोच चपटी की टोकदार हे बघून घ्या. वारकऱ्याची, म्हणजे कूटची, राखाडी पोरंही याच एका प्रश्नानं बदकांतून बाजूला काढता येतात.

तुमची नोंद मी अशी लिहीन. पहिल्या फोटोतल्या १४ पैकी ९ जणांचे पट्टेरी चेहरे आणि करड्या चोची दिसतात, त्या ९ गार्गनी. उजवीकडचे २ कॉमन टील. उरलेले ३ चोच पिसांत घालून झोपलेत, चेहरा नाही, शेपूटही आपल्याकडे नाही, ते 'गार्गनी किंवा टील' असेच लिहायचे. उडालेले ६ यात मिळवू नका, तो थवा याच पाण्यातून उठलाय आणि तेच पक्षी दोनदा मोजले जातील. मात्र 'नर किमान २, पंखावरून' असं शेऱ्यात जरूर लिहा. तिसऱ्या फोटोतला नर त्या दोघांपैकी असू शकतो, म्हणून तीन म्हणायचे नाहीत. थापट्या १ नर, हळदी-कुंकू २, टिबुकली १. फोटोंचे क्रमांक आणि वेळ सोबत ठेवा.

आणि जमलं तर याच काठावर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा जा, सकाळी सात-साडेसातला. परतायच्या आधी गार्गनीचे नर तोवर रंगात आलेले असतात, तपकिरी डोक्यावर डोळ्यापासून मानेपर्यंत गेलेली पांढरी भुवई घेऊन. तेव्हा शेजारच्या मादीचा फोटो नक्की घ्या. पुढच्या ऑक्टोबरात तपकिरी चेहरे तपासताना तुलनेला तो हाताशी हवा.